ॲनिमेशनमधील ओठांची जुळणी: मराठी संवादांसाठी तोंडाचे आकार कसे ठरवावेत?

मागकरी (सोलापूर)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात घडणारा तीन मिनिटांचा द्विमितीय ॲनिमेशनपट आम्ही काही मित्र मिळून तयार करत आहोत. गती सेकंदाला २४ फ्रेमची आहे. तोंडाच्या आकारांसाठी पापागायो या मोफत प्रणालीतील दहा आकारांचा संच घेतला आहे. त्यात `AI`, `E`, `O`, `U`, `WQ`, `MBP`, `FV`, `L`, `etc` आणि `rest` अशी चित्रे असतात.

अडचण एका साध्या वाक्यापाशी आली आहे. कामगार मालकाच्या वडिलांना येऊन सांगतो, "आप्पा, संप मिटला की." प्रत्येक अक्षराला त्याचा आकार दिला आहे, ध्वनी आणि चित्र एकाच फ्रेमवर सुरू होतात हेही तपासले आहे, आणि तरीही पात्र बोलत नसून काहीतरी चघळत आहे असे दिसते. विशेषतः "संप मिटला" या भागात तोंड सारखे उघडझाप करते.

इंग्रजीसाठी ठरलेले हे आकार मराठीला पुरतात का? पुरत नसतील तर नेमके कोठे बदल करावेत? "व" साठी `FV` वापरावे की `WQ`, हाही प्रश्न आहेच.

अक्कलकोट_रोड

गणेशोत्सवात आमच्या मंडळाने लिप सिंकची स्पर्धा ठेवली होती. गाणे आधी पुष्कळदा ऐकून पाठ करावे, श्वास कोठे घेतला आहे ते लक्षात ठेवावे आणि ध्वनिक्षेपक प्रेक्षकांच्या बाजूला ठेवावा, म्हणजे ओठ बरोबर जुळतात.

मागकरी

धन्यवाद, परंतु येथे प्रश्न माणसाच्या नव्हे, तर चित्रातील पात्राच्या ओठांचा आहे. श्वासाची सूचना मात्र उपयोगी आहे, कारण आमचे पात्र बोलण्याआधी श्वासच घेत नाही.

ध्वनिवेडा

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा पुष्कळ सोपे असायला हवे. इंग्रजीत लिहिलेले एक आणि बोललेले दुसरे असते, म्हणून त्यांना शब्दकोश लागतो. देवनागरीत जसे लिहितो तसेच बोलतो. त्यामुळे बाराखडीचा एक तक्ता करावा, प्रत्येक स्वराला एक आकार आणि प्रत्येक व्यंजनाला एक आकार नेमून द्यावा, आणि संहिता त्या तक्त्यातून काढावी. मी स्वतः असा तक्ता केला आहे. तो ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही, कारण "इ" आणि "ई" यांत ओठांचा आकार बदलत नाही, फक्त काळ बदलतो.

रेषाकार

ध्वनिवेडा यांचे ऱ्हस्व-दीर्घाविषयीचे म्हणणे बरोबर आहे. मात्र "जसे लिहितो तसे बोलतो" हे तक्त्याला पुरेल इतके खरे नाही, आणि मागकरी यांच्या वाक्याची गडबड नेमकी तेथेच झाली आहे.

"संप मिटला" हे मोठ्याने, नेहमीच्या वेगाने म्हणून पाहा आणि ओठांवर बोट ठेवा. लिहिताना आपण स, अनुस्वार, प, मि असे चार वेगळे घटक लिहितो. बोलताना अनुस्वार पुढच्या "प"मुळे "म्" होतो. "प"मधला शेवटचा "अ" उच्चारला जात नाही, म्हणून तो "प्" उरतो. त्याच्या लगेच पुढे "मि"चा "म्" येतो. म्हणजे म्, प्, म् असे तीन ओष्ठ्य ध्वनी एकामागून एक येतात आणि त्या संपूर्ण काळात ओठ एकदाही उघडत नाहीत. कागदावर तीन ठिकाणी चिन्हे आहेत, तोंडावर बंद ओठांचे एकच चित्र आहे. तक्त्याने "प"ला "अ" जोडला असणार, अनुस्वाराला वेगळे चित्र दिले असणार, आणि म्हणून पात्र मध्येच तोंड उघडून मिटत असणार. आपण ज्याला चघळणे म्हणता ते हेच आहे.

ध्वनीचा आलेख मोठा करून पाहिल्यास हे डोळ्यांनाही दिसते. "म्" असताना रेषा बारीक पण सलग थरथरते, "प्" असताना ती जवळजवळ सपाट होते आणि पुन्हा "म्"ची थरथर सुरू होते. मधल्या सपाट भागानंतर मोठा उसळलेला स्वर दिसला नाही, तर तेथे तोंड उघडू नये.

मागकरी

आलेख पाहिला. "संप"नंतर खरोखरच सपाट पट्टी आहे आणि तिच्यापुढे स्वर नाही. आमच्या फाइलमध्ये तेथे `MBP`, `AI`, `MBP`, `AI`, `MBP` असे पाच बदल आहेत.

ध्वनिवेडा

अंत्य "अ" गाळण्याचा नियम तक्त्यात घालता येईल. "घर", "काम", "माग", "सोलापूर" यांतला शेवटचा "अ" काढून टाकला की झाले.

रेषाकार

शेवटचा काढता येईल, पण मधला कसा काढणार? "बोलतो" आपण "बोल्तो" असे म्हणतो, "बोलका" "बोल्का" असे म्हणतो, पण "बदल" म्हणताना "द"मधला "अ" राहतो. शिवाय शेवटच्या अनुस्वाराचा प्रश्न निराळाच आहे. "झालं", "केलं", "मिटलं" यांतला अनुस्वार ओठ मिटवत नाही, उलट "अ" थोडा लांबवतो. तेथे `MBP` ठेवले तर पात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी हुंकार दिल्यासारखे दिसेल. नियम लिहिता येतात, परंतु इतक्या लहान चित्रपटाला ते लिहिण्यापेक्षा ध्वनिमुद्रण ऐकून कानाने लिहिणे सोपे आहे.

भाषाशिक्षिका (पंढरपूर)

अनुस्वाराविषयी थोडी भर घालते, कारण मराठीत त्याचे वागणे ओठांच्या दृष्टीने फार वेगवेगळे आहे. प, फ, ब, भ, म यांच्या आधी तो "म्" होतो आणि ओठ मिटतात, उदाहरणार्थ आंबा, कंबर, संप. क, ग यांच्या आधी किंवा त, द यांच्या आधी ओठ मिटण्याचे कारण नाही. "अंगण" आणि "अंत" म्हणताना ओठ तसेच अर्धवट उघडे राहतात, जिभेचे काम आत चालते.

परंतु श, स, ह यांच्या आधी मराठीत एक खास प्रकार होतो. "संशय", "हंस", "संसार", "सिंह" हे शब्द आपण सहज बोलताना अनुस्वाराच्या जागी ओठ किंचित गोल करतो. "सिंह" हा शब्द पुष्कळांच्या तोंडी "सिंव्ह" असा ऐकू येतो तो याचमुळे. इंग्रजीसाठी केलेल्या आकारांच्या यादीत हा प्रकार येणारच नाही. संवादात "संशय" असेल तर तेथे बंद ओठ चालणार नाहीत, क्षणभर `U`सारखा लहान गोल आकार लागेल.

कोरा_कागद

ताई, माझ्या कानाला "संशय"मध्ये असे गोल काही ऐकू येत नाही. आमच्याकडची तरुण मुले सरळ "सन्शय" म्हणतात, विशेषतः इंग्रजी माध्यमातली.

भाषाशिक्षिका

तसे म्हणणारेही आहेत, त्यांच्यासाठी गोल आकाराची गरज नाही. मी सांगितले ते पारंपरिक उच्चारणाबद्दल आहे. आपल्या चित्रपटातील पात्राचे वय काय आणि आवाज कोणाचा आहे, यावर ते ठरेल.

विणकर_नात (सोलापूर)

आवाज कोणाचा आहे हा प्रश्न सोलापुरात फारच महत्त्वाचा आहे, म्हणून मध्येच लिहिते. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि माझे आजोबा मराठी बोलताना पुष्कळ शब्दांच्या शेवटी हलकासा स्वर ठेवतात. "माग" हा शब्द ते जवळजवळ "मागऽ" असा म्हणतात. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरान्त असतात, ती सवय मराठीत उतरते असे मला वाटते. आपल्या आप्पांचा आवाज पूर्व भागातील एखाद्या आजोबांनी दिला असेल, तर अंत्य "अ" गाळण्याचा नियम त्यांच्यापुरता चालणार नाही, आणि तेथे तोंड थोडे उघडे ठेवावे लागेल.

मागकरी

कामगाराचा आवाज माझ्या मित्राचा आहे, त्याच्या घरी मराठी बोलतात. आप्पांचा आवाज मात्र खरोखरच पूर्व भागातील एका तेलुगूभाषक आजोबांनी दिला आहे. म्हणजे एकाच दृश्यात दोघांच्या "संप"चे शेवट वेगळे असू शकतात. त्यांच्या वाक्यांचे आलेख आता पुन्हा पाहतो.

काळी_खिडकी

हे सर्व हाताने का करता? रुबार्ब नावाची मोफत प्रणाली ध्वनी ऐकून आकार स्वतः ठरवते. मूळ ओळखयंत्र इंग्रजीसाठी आहे, पण भाषानिरपेक्ष पर्यायही आहे, आणि मराठीसाठी तोच निवडावा लागतो.

```
rhubarb -r phonetic -f dat -o sampa.dat sampa.wav
```

तिचे आकार `A` ते `F` असे सहा मूलभूत आणि `G`, `H`, `X` असे तीन जादा आहेत. `A` म्हणजे मिटलेले ओठ, `D` म्हणजे सर्वांत मोठे उघडलेले तोंड, `F` म्हणजे चंबू, `X` म्हणजे विश्रांती. दोन मिनिटांत पूर्ण दृश्याची फाइल हाती येते.

रेषाकार

पहिला मसुदा म्हणून मीही ती वापरतो आणि मोठ्या स्वरांच्या जागा ती चांगल्या पकडते. तिच्या दोन मर्यादा मात्र मराठीत जाणवतात. यंत्रमागाचा खडखडाट मागे मिसळलेला असेल तर बंद ओठांच्या जागा निसटतात, म्हणून तिला नेहमी नुसता आवाज द्यावा, पार्श्वध्वनी मिसळलेला पट्टा देऊ नये. दुसरे म्हणजे तिने निवडलेली प्रत्येक बंद ओठांची जागा कानाने तपासावी. प्रेक्षक "ट"च्या जागी "त"चे चित्र सहज खपवून घेतो, पण "प", "ब", "म" ऐकू येत असताना उघडे ओठ दिसले तर त्याला लगेच खटकते.

डबिंगताई (पुणे)

या शेवटच्या वाक्याला आमच्या कामातून दुजोरा देते. डबिंगमध्ये चित्र बदलता येत नाही, म्हणून आम्ही शब्द बदलतो. हिंदीत पात्र "मत जाओ" म्हणत असेल आणि चेहरा जवळून दिसत असेल, तर "नको जाऊस" हा अर्थाने अचूक पर्याय आरंभीच खटकतो, कारण पडद्यावर ओठ मिटतात आणि कानावर "न" येतो. तेथे "मागे फिर" बसते. पात्र दूर उभे असेल तर आम्ही इतकी काळजी करत नाही. आपल्याकडे चित्र आणि संवाद दोन्ही हातात आहेत, हे भाग्य समजावे.

कोरा_कागद

म्हणजे मराठी डबिंगमध्ये पात्रे अधूनमधून विचित्र बोलतात, त्याचे खापर ओठांवर फोडायचे तर!

डबिंगताई

सगळे नाही. काही अनुवाद ओठ मिटलेले असतानाही वाईटच असतात.

रेषाकार

मूळ वाक्याकडे परत येऊ. मागकरी यांनी पाठवलेला आवाज ऐकून मी ते वाक्य मांडून पाहिले. "आप्पा"चा "आ" नवव्या फ्रेमवर ऐकू येतो. "संप"चा "स" एकतिसाव्यावर येतो, ओठ छत्तिसाव्यावर मिटतात आणि "मि"मधला "इ" बेचाळिसाव्यावर सुरू होतो.

```
MohoSwitch1
1 rest
8 AI
13 MBP
18 AI
25 rest
30 etc
33 AH
35 MBP
41 E
44 etc
46 L
48 AI
55 etc
57 E
64 rest
```

यात काही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे चित्र ध्वनीच्या एक फ्रेम आधी येते. ओठ आधी आकार घेतात आणि मग आवाज फुटतो, म्हणून हे स्वाभाविक दिसते. २४च्या गतीत एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद होतात. प्रक्षेपणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला तरच तो जाणवतो असे धरले आहे, आणि उलट आवाज पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा चित्र पुढे सरकवावे, मागे नव्हे. ध्वनी आणि चित्र एकाच फ्रेमवर असूनही जुळणी किंचित उशिरा आल्यासारखी वाटते, त्याचे कारण येथे सापडेल.

दुसरी म्हणजे "आप्पा"मधले जोडाक्षर. "प्प"साठी ओठ तेरा ते सतरा अशा पाच फ्रेम मिटलेले आहेत. एकेरी "प" असता तर दोन किंवा तीन पुरल्या असत्या. बंद ओठांना दोनपेक्षा कमी फ्रेम कधी देऊ नयेत, कारण एका फ्रेमचे चित्र डोळ्याला झटक्यासारखे दिसते. जागा नसेल तर ती आधीच्या स्वरातून उसनी घ्यावी.

तिसरी म्हणजे पस्तीस ते चाळीस हा बंद ओठांचा पट्टा. हाच आपला म्, प्, म्. सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद, आणि त्यात एकही उघडझाप नाही.

चौथी म्हणजे तेहतिसाव्या फ्रेमवर `AH` नावाचे चित्र आहे, ते मूळ संचात नाही. मराठी "अ"साठी `AI`चे मोठे उघडलेले तोंड वापरले की "संप"चे "सांप" झाल्यासारखे दिसते. म्हणून "आ"च्या एक तृतीयांश उघडलेले, ओठ सैल असलेले एक चित्र जादा काढावे. मराठीत "अ" इतक्या वेळा येतो की हे एक चित्र इतर कोणत्याही सुधारणेपेक्षा अधिक काम करते.

काळी_खिडकी

पाव सेकंद ओठ मिटलेलेच ठेवले तर चेहरा थिजल्यासारखा दिसेल. मी तेथे एक फ्रेम तरी उघडली असती.

रेषाकार

थिजण्याचा धोका खरा आहे, पण उपाय ओठ उघडणे हा नाही. बंद ओठांची दोन चित्रे ठेवावीत, एक नुसते मिटलेले आणि दुसरे दाबलेले, ज्यात ओठांची जाडी कमी होते आणि हनुवटी जरा वर येते. पस्तीसवर पहिले, सदतीसच्या सुमारास दुसरे ठेवले की "प्"चा दाब दिसतो आणि एकेचाळीसवर तोंड सुटते तेव्हा त्याला जोर येतो. डोके किंवा भुवई त्याच वेळी थोडी हलली तर उत्तमच.

काळी_खिडकी

दाबलेले चित्र मान्य आहे, तरीही वेगाने बोलणाऱ्या पात्रात मी एक फ्रेम उघडीनच. ही ज्याच्या त्याच्या रेषेची गोष्ट आहे.

ध्वनिवेडा

"ळ"साठी `L` चालेल ना? माझ्या तक्त्यात "ल" आणि "ळ" एकत्र आहेत.

रेषाकार

`L`च्या चित्रात जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकलेले दिसते, ते "ल"साठी बरोबर आहे. "ळ" म्हणताना जीभ मागे वळते आणि समोरून दिसत नाही, तिचे टोक दातांपाशी नसते. म्हणून "ळ"साठी पुढच्या स्वराकडे झुकलेले `etc` पुरते. "ट", "ड", "ण" यांचेही तसेच. "काळा" शब्दात जीभ दाखवली तर पात्र "काला" म्हणत आहे असे वाटते.

भाषाशिक्षिका

"व"चा मूळ प्रश्न राहूनच गेला. मराठी "व" हा इंग्रजी "व्ही"इतका दातओठाचा घट्ट ध्वनी नाही आणि इंग्रजी "डब्ल्यू"इतका गोलही नाही. "वीज", "वेळ" यांत खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. "स्वामी", "ग्वाही" अशा जोडाक्षरांत ओठ गोल होतात. आरशासमोर दोन्ही शब्द म्हणून पाहिल्यास फरक दिसेल.

रेषाकार

त्यानुसार "वीज"साठी `FV`ची हलकी आवृत्ती घ्यावी, ज्यात दात ओठाला चिकटलेले नसतात. "स्वामी"साठी `WQ` घ्यावे. पात्राचे तोंड लहान असेल किंवा कॅमेरा दूर असेल तर "व"साठी वेगळे चित्र न करता `WQ`च कमी गोल करून सगळीकडे वापरले तरी चालते.

मागकरी

नवीन फाइल लावून पाहिली. "संप मिटला"मधील चघळणे पूर्णपणे गेले आहे आणि दाबलेल्या ओठांचे चित्र अपेक्षेपेक्षा चांगले दिसते. आप्पांच्या वाक्यांत विणकर_नात यांनी म्हटल्याप्रमाणे "संप"च्या शेवटी आलेखात लहानसा स्वर सापडला. तेथे ओठ मिटल्यावर दोन फ्रेम `AH` ठेवले आणि ते त्यांच्या आवाजाला शोभते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आप्पांचे पुढचे वाक्य आहे, "फाटकापाशी कोण आहे?" एका ध्वनिमुद्रणात त्यांनी "फ" ओठ मिटून म्हटला आहे, "प्ह" ऐकू यावा तसा. दुसऱ्यात तो दातओठाचा, "फोन"मधल्यासारखा आहे. आम्हाला अभिनयाच्या दृष्टीने दुसरे ध्वनिमुद्रण आवडले आहे.

रेषाकार

मग `FV` ठेवावे. चित्र संहितेला नव्हे, निवडलेल्या आवाजाला बांधील असते.

भाषाशिक्षिका

त्या वयाच्या पात्राच्या तोंडी मिटलेल्या ओठांचा "फ" अधिक खरा वाटला असता. पहिले ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा ऐकून पाहावे, अशी माझी सूचना आहे.

विणकर_नात

माझे आजोबा दोन्ही म्हणतात, कधीकधी एकाच वाक्यात. ती दोन्ही ध्वनिमुद्रणे येथे ऐकवता येतील का?